फोटोखालच्या चार ओळी

गेल्या वर्षीच्या, म्हणजे २०२५ सालच्या मे महिन्यातील ही गोष्ट आहे. ५ तारखेला दुपारी मी कचेरीत डबा उघडून बसलो होतो, तोच माझ्या पुतण्याचा दुबईहून निरोप आला. "काका, आई-बाबांच्या पंचविसाव्या वाढदिवसाला फोटोखाली कॅप्शन काय टाकू? मला काही सुचत नाही. तुम्हीच लिहून द्या."

वाचकहो, आमच्या घरात अर्ज, निवेदने, सभेचे ठराव आणि सत्काराची मानपत्रे लिहिण्याचे काम माझ्याकडेच असते. कारकुनाच्या हाताला त्याची सवय झालेली असते. चार ओळी लिहून द्यायला मला पाच मिनिटेही लागली नसती. पण मी त्याला कळवले, "मी लिहीन ते मानपत्र होईल. तू लिही, मी तपासतो." त्यानंतर नऊ दिवसांत जे घडले ते आपल्या समाजातील अनेक घरांच्या उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून सविस्तर लिहीत आहे. आज वस्तीत चार घरे मोजली की एखाद्या घरचा मुलगा आखातात, बोटीवर किंवा आणखी कुठेतरी लांब असतोच, आणि घरातले कार्य त्याच्यासाठी थांबत नाही.

दादा आणि वहिनींचा मंगल परिणय १४ मे २००० रोजी झाला. रविवार होता. कल्याणजवळच्या आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात कापडी मंडप घातला होता. मी तेव्हा नुकताच बी.कॉम. झालो होतो आणि माईक सांभाळायचे काम माझ्याकडे होते. त्रिशरण, पंचशील झाले, दोघांनी एकमेकांना हार घातले आणि मग भन्तेजींनी दोघांकडून प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या. पत्नीचा सन्मान करीन, तिचा अपमान करणार नाही, तिच्याशी एकनिष्ठ राहीन, घराचा अधिकार तिच्या हाती देईन, तिला वस्त्रालंकार देऊन संतुष्ट ठेवीन, अशा अर्थाच्या पाच प्रतिज्ञा पतीने घ्यायच्या आणि तशाच पाच पत्नीने. दादाचा आवाज इतका बारीक झाला होता की मला माईक त्याच्या ओठांना लावावा लागला. हे सगळे मला आठवत होते. पण पुतण्याला आठवण्याचे कारण नव्हते, कारण त्याचा जन्म २००१ सालचा. आई-बाबांच्या लग्नाच्या फोटोवर काही लिहायचे झाले की प्रत्येक मुलासमोर हीच अडचण येते. फोटोतल्या प्रसंगाला तो स्वतः हजर नसतो. मग तो दुसऱ्यांचे शब्द उसने आणतो.

पुतण्याचेही तसेच झाले. त्याने आय.टी.आय.मधून एसी-फ्रिज दुरुस्तीचा कोर्स केला आणि २०२२ साली तो दुबईला गेला. त्याच वर्षी फेब्रुवारीत आमची आई, म्हणजे त्याची आजी, कालकथित झाली, तेव्हा तो मिळाली ती रजा घेऊन धावत आला होता. मे महिन्यात तिथे एसीच्या कामाचा हंगाम चालू होतो. पुन्हा रजा मागण्याचा प्रश्नच नव्हता. तो गेला त्या काळात तिथे व्हॉट्सॲपवरून बोलायचा किंवा एकमेकांना पाहायचा फोन लागत नसे, संदेश आणि फोटो मात्र जात. त्यामुळे घराशी लिहून बोलण्याची सवय त्याला होती. पण "आई, पैसे पाठवले, पावती ठेव" असे लिहिणे वेगळे आणि सगळ्यांसमोर वाचले जाईल असे लिहिणे वेगळे.

त्याचा पहिला मजकूर दुसऱ्या दिवशी आला. "देवाने स्वर्गात बांधलेली जोडी, सात जन्मांची साथ, शिवपार्वतीसारखा संसार." हा कुठून तरी जसाच्या तसा उचललेला होता. मी त्याला एकच प्रश्न विचारला, "अरे, तुझ्या आई-बाबांच्या लग्नात सप्तपदी नव्हती, कन्यादान नव्हते. मग सात जन्म कुठून आले?" त्याने हसण्याचे चिन्ह पाठवले आणि लिहिले, "खरंच की, काका." मुद्दा केवळ तत्त्वाचा नव्हता. त्या ओळी शेजारच्या चाळीतल्या कुठल्याही जोडप्याच्या फोटोखाली चालल्या असत्या. कॅप्शन उसने आहे की आपले, हे ओळखायची सोपी खूण हीच आहे. नावे बदलून ते दुसऱ्याच्या फोटोखाली लावून पाहावे. चपखल बसले तर ते आपले नाही.

दुसरा मजकूर त्याने स्वतः लिहिला होता, हे शब्दांवरूनच कळत होते. "बाबा, मी तुमचे कष्ट विसरलो नाही. मी घराचे कर्ज फेडीन. मी ताईचे शिक्षण पूर्ण करीन. मी इथे उन्हात राबतो ते तुमच्यासाठीच. मी एक दिवस तुम्हाला विमानात बसवीन. मी पैसे पाठवतो, मोठा हॉल घ्या." वाचून डोळ्यांत पाणी आले, खोटे कशाला सांगू? पण हिशेब तपासायची सवय जात नाही. मी पेन्सिलीने मोजले. 'मी' सहा वेळा होता. 'आई' हा शब्द एकदाही नव्हता. दोघांनी मिळून केलेल्या संसाराचा त्यात उल्लेखच नव्हता.

आणि दादाला मी ओळखतो. मुलगा परदेशी जायला निघाला तेव्हा त्याने तीन दिवस धड जेवण घेतले नव्हते. मुलाच्या पैशांतून घराचा हप्ता जातो ही गोष्ट त्याच्या मनाला लागलेली आहे. तो कधी बोलत नाही. भरल्या समाजमंदिरात "मी तुमचे कर्ज फेडीन" असे वाचले गेले असते तर त्या माणसाची मान खाली गेली असती. मुलाच्या मनात प्रेमच होते, पण दूर राहणाऱ्या माणसाला घरी शब्द कसा लागेल ते दिसत नाही. समोर असता तर बापाचा चेहरा पाहून त्याने अर्ध्यावरच वाक्य बदलले असते. लिहिलेले वाक्य असे बदलता येत नाही. म्हणून परदेशातून लिहिताना घरच्या एका माणसाला आधी दाखवून घ्यावे. दाखवायचे ते शुद्धलेखनासाठी नव्हे, कोणता शब्द कुठे लागेल हे कळावे म्हणून.

त्या रात्री मी त्याला फोन केला. म्हटले, "पैशाचे बाजूला ठेव. तुला त्या दोघांमध्ये काय दिसले ते सांग. लहानपणी घरात तू काय पाहिलेस?"

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, सुया."

मला काही कळेना. मग त्याने सांगितले. वहिनी घरी साड्यांना फॉल लावायचे काम करायच्या, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. दुकानदाराकडून साड्यांचे गाठोडे यायचे आणि दुसऱ्या दिवशी ते परत द्यावे लागायचे. फॉलला हाताने बारीक टाके घालावे लागतात. वहिनींची नजर लवकर अधू झाली, रात्रीच्या दिव्यात सुईत दोरा जाईना. दादाला त्या काळी रात्रपाळी असे. कामावर निघण्यापूर्वी तो दारात उजेडाला बसून दहा सुयांत दोरा ओवायचा आणि त्या सुया भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कडेला ओळीने टोचून ठेवायचा. वहिनी रात्री एकेक सुई काढून घ्यायच्या. दहावी सुई रिकामी झाली की दिवा मालवायच्या. हा पोरगा गोधडीत तोंड घालून झोपेचे सोंग घ्यायचा आणि सुया मोजायचा.

मी दादाचा सख्खा भाऊ. पलीकडच्या गल्लीत राहतो. मला हे माहीत नव्हते.

"हेच लिही," मी म्हणालो.

"पण यात प्रेमाचा शब्दच नाही, काका."

"नसू दे."

आता दुसरी गोष्ट, ती त्याचीच. तो शाळेत असताना वस्तीतल्या धम्मवर्गाला जायचा. तिथे शिकवलेले सिगालोवाद सुत्त त्याला आठवले. दीघनिकायात ते आहे. राजगृहाजवळ सिगाल नावाचा गृहस्थाचा मुलगा पहाटे ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना हात जोडत होता. वडिलांनी मरताना सांगितले म्हणून तो करत होता, अर्थ ठाऊक नव्हता. तथागतांनी त्याला दिशांचा अर्थ सांगितला. पूर्व दिशा म्हणजे आई-वडील, दक्षिण म्हणजे आचार्य, पश्चिम म्हणजे पत्नी आणि मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे आपल्याकडे काम करणारी माणसे आणि वरची म्हणजे श्रमण-ब्राह्मण. दिशांना नमस्कार करणे म्हणजे या माणसांशी असलेले कर्तव्य पाळणे. लग्नात पती-पत्नी ज्या प्रतिज्ञा घेतात त्यांचा आधारही याच सुत्तात आहे.

पुतण्याने लिहिले, "काका, इथून आपले घर खरोखरच पूर्वेला आहे ना?" मी मुलीचा शाळेचा नकाशा काढला. दुबईहून कल्याण पूर्वेला आहे, पण थोडे दक्षिणेकडे झुकलेले. मी तसे कळवले, तर तो म्हणाला, "एवढे चालते. रोज सकाळी साइटवर जाताना सूर्य त्याच बाजूने येतो." मग मला आणखी एक हिशेब सुचला. घड्याळात आपण दुबईच्या दीड तास पुढे आहोत. मे महिन्याच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, तिथे त्यांच्या घड्याळाप्रमाणे साडेपाचच्या सुमारास, म्हणजे आपल्या सातला. आपल्याकडे उगवलेला सूर्य सुमारे एका तासाने त्याच्याकडे पोहोचतो. हे मी त्याला नुसते आकड्यांत लिहून पाठवले. त्याचे वाक्य त्याने केले.

मजकूर तयार झाला. आता राहिली मांडणी. इथे दोन-तीन चुका होता होता वाचल्या, त्या सांगतो.

पहिली फोटोची. २००० सालचे फोटो रिळावर काढलेले. कागदी प्रती अल्बममध्ये चिकटपट्टीच्या पानावर दाबलेल्या, रंग तांबूस झालेला. माझी पुतणी फोटो ओढून काढणार होती. मी थांबवले. असा जुना फोटो ओढला की त्याचा वरचा थर पानालाच राहतो. अल्बम खिडकीपाशी आडवा ठेवला, वरचे प्लॅस्टिक हलकेच उचलले आणि फ्लॅश बंद करून मोबाइल सरळ वर धरून फोटो काढला. फ्लॅश लावला असता तर दादाच्या चेहऱ्यावर पांढरा डाग पडला असता. भावाला तो पाठवताना तिने साधा फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवला. साधा पाठवला की तो बारीक होऊन जातो. मोबाइलवर चांगला दिसतो आणि फ्लेक्सवर चेहरे फुटतात.

दुसरी जागेची. मुलाला सगळा मजकूर फ्लेक्सवर हवा होता. फ्लेक्स ठरला होता सहा फूट बाय चार फूट. दहा फुटांवरून नीट वाचायचे तर अक्षर साधारण एक इंच उंच लागते. समाजमंदिराची मागची रांग तीस फुटांवर, म्हणजे अक्षर तीन इंचांचे हवे. अर्धा फ्लेक्स फोटोला गेला, वर आयु. आणि आयुनि. लावून दोघांची नावे व तारीख गेली, खाली उरल्या चार ओळी. एका ओळीत वीस-पंचवीस अक्षरे. सात-आठ वाक्ये त्यात बसवली असती तर फक्त पहिल्या रांगेने वाचली असती. म्हणून आम्ही दोन भाग केले. फ्लेक्सवर चार छोट्या ओळी आणि पूर्ण मजकूर बहिणीने माईकवर वाचायचा. दुकानदाराने पाठवणाऱ्याचाही मोठा फोटो कोपऱ्यात टाकण्याचा आग्रह धरला. आजकाल तशी पद्धतच पडली आहे. मुलाने स्वतःच नको म्हणून सांगितले.

तिसरी चूक छपाईची. मुलाने त्या चार ओळी इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करून पाठवल्या. डी.टी.पी.वाल्याने त्या देवनागरीत केल्या, त्यात 'साथ'चे 'साठ' झाले. "पंचवीस वर्षांची साठ" असे छापून आले असते तर लोक वर्षभर हसले असते. इंग्रजी अक्षरांत थ आणि ठ, द आणि ड सारखेच दिसतात, त्याचा दोष नाही. मग मुलाने मोबाइलवर देवनागरीत टाइप करून पाठवले, तर दुकानातल्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये ते टाकताच ऱ्हस्व वेलांट्या आणि रफार भलत्याच अक्षरांवर गेले. शेवटी मी कागदावर ठळक अक्षरांत लिहून दिले, समोर बसून टाइप करून घेतले आणि छापण्यापूर्वीचा नमुना मागून घेतला. तो नमुना मी वाचला नाही. मला मजकूर पाठ होता, पाठ असलेल्याला चूक दिसत नाही. दुकानाबाहेर उभ्या असलेल्या एका कॉलेजच्या मुलाला मोठ्याने वाचायला लावला. तो अडखळला नाही, तेव्हा छापायला दिला.

फ्लेक्सवर एवढेच होते:

आईचे टाके, बाबांचा दोरा,
पंचवीस वर्षांची साथ.
माझी पूर्व दिशा
म्हणजे तुम्ही.

१४ मे २०२५ ला बुधवार होता. आदल्या रात्री बाराच्या ठोक्याला मुलाचा संदेश येईल म्हणून वहिनी जाग्या होत्या. बारा वाजून गेले, साडेबारा झाले, काही नाही. वहिनी काही बोलल्या नाहीत, नुसत्या दोनदा मोबाइल पाहून आल्या. संदेश दीड वाजता आला. त्याने त्याच्या घड्याळात बारा वाजण्याची वाट पाहिली होती! आपले बारा म्हणजे त्याचे साडेदहा, हे सूर्याचा हिशेब करणाऱ्या आम्हा दोघांच्याही डोक्यात आले नव्हते. वाचकांनी ही चूक करू नये. ज्यांचा दिवस, त्यांचे घड्याळ.

संध्याकाळी समाजमंदिरात बुद्धवंदना झाली. जेवणे साधीच होती. मग पुतणीने माईक घेतला आणि भावाचा मजकूर वाचला. तो जसाच्या तसा देतो:

"आई, बाबा, जयभीम. १४ मे २००० रोजी तुम्ही एकमेकांना शब्द दिला. तेव्हा मी नव्हतो. पण तो शब्द पाळताना मी तुम्हाला पाहिले आहे. रात्रपाळीला जाण्याआधी बाबा दहा सुया ओवून कॅलेंडरला टोचून ठेवायचे. आई रात्री साड्यांना फॉल लावायची आणि दहावी सुई रिकामी झाली की दिवा मालवायची. मी झोपलेलो नसायचो.

इथून तुमचे घर पूर्वेला आहे. तुमच्याकडे उगवलेला सूर्य तासाभराने माझ्याकडे येतो.

आज मी तिथे नाही. माझी खुर्ची रिकामी ठेवू नका. उशिरा येईल त्याला बसवा. तुमचा मुलगा."

टाळ्या लगेच वाजल्या नाहीत. वहिनी शेजारी बसलेल्या माझ्या पत्नीला हळूच म्हणाल्या, "मेला जागा असायचा होय!" आणि पदराने तोंड झाकून घेतले. दादा फ्लेक्सकडे पाठ करून बसला होता. तो वळला, चार ओळी वाचल्या आणि पुन्हा सरळ बसला. एवढेच. पण मान खाली नव्हती.

पहिल्या रांगेत एक खुर्ची कुणीच घेत नव्हते. साडेनऊच्या सुमारास दादाच्या कारखान्यातले एक जुने सहकारी दुपारची पाळी अर्ध्यावर सोडून, कामाच्या कपड्यांतच आले आणि दारापाशी उभे राहिले. दादा उठला, त्यांचा हात धरून आणले आणि त्या खुर्चीवर बसवले. कुणी काही सांगितले नव्हते. पुतणीने त्या क्षणाचा फोटो काढून भावाला पाठवला.

आठ दिवसांनी मी दादाच्या घरी गेलो. फ्लेक्स घडी करून माळ्यावर गेला होता. मजकुराचा कागद मात्र वहिनींनी पासबुकाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला आहे. फॉलचे काम त्यांनी कधीच सोडले, डोळ्यांचे ऑपरेशनही झाले आहे. तरी भिंतीवरच्या नव्या कॅलेंडरच्या कडेला एक सुई टोचलेली दिसली. तिच्यात पांढरा दोरा होता. मी वहिनींकडे पाहिले.

"यांनीच ठेवली," वहिनी म्हणाल्या, "शर्टाचे बटण तुटले होते म्हणे."

दादाच्या अंगातल्या शर्टाची सगळी बटणे जागेवर होती.